मीठ ८०१ अंशांना वितळते, मॅग्नेशिया का नाही?



शाळेच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची फीत जळताना आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडतो आणि चिमट्याखाली पांढरी भुकटी उरते. ही भुकटी म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड, व्यवहारातले नाव मॅग्नेशिया. तिच्या शेजारी घरातले चिमूटभर मीठ ठेवले तर दोन्हींत फारसा फरक दिसणार नाही. पण मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळते, आणि मॅग्नेशिया वितळायला सुमारे २८५० अंश लागतात. पोलाद साधारण १५०० अंशांच्या आसपास वितळते, म्हणूनच पोलादाच्या भट्ट्यांना आतून मॅग्नेशियाच्या विटांचे अस्तर लावता येते. मिठाच्या विटा तिथे कधीच वाहून गेल्या असत्या.

या दोन पदार्थांची तुलना मला फार मोलाची वाटते, कारण त्यांची आतली मांडणी एकच आहे. मिठाच्या स्फटिकाची रचना ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. प्रत्येक सोडियम आयनाभोवती वर, खाली आणि चार बाजूंना मिळून सहा क्लोराइड आयन असतात, आणि प्रत्येक क्लोराइडभोवती तसेच सहा सोडियम. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्येही हीच मांडणी आहे. त्यामुळे रचना वेगळी म्हणून द्रवणांक वेगळा, हे उत्तर इथे चालत नाही. उरतात दोनच गोष्टी : आयनांवरचा प्रभार आणि त्यांच्या केंद्रांमधले अंतर.

सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो, म्हणून दोघांवर एकेक प्रभार. मॅग्नेशियम दोन देतो, ऑक्सिजन दोन घेतो, म्हणून दोघांवर दोन-दोन. विरुद्ध प्रभारांना एकमेकांपासून दूर नेण्यासाठी लागणारी ऊर्जा दोन्ही प्रभारांच्या गुणाकारावर अवलंबून असते आणि अंतर वाढले की त्याच प्रमाणात घटते. गुणाकार मिठात एक गुणिले एक, म्हणजे एक, आणि मॅग्नेशियात दोन गुणिले दोन, म्हणजे चार. प्रभार दुप्पट झाला तर ओढ दुप्पट होईल असे आपण सहज धरून चालतो, पण तो दोन्ही बाजूंना दुप्पट झालेला असतो.

आता अंतर. पिकोमीटर म्हणजे मीटरचा लाख कोटीवा भाग. मिठात शेजारच्या दोन आयनांच्या केंद्रांमध्ये २८२ पिकोमीटर अंतर असते, मॅग्नेशियात २११. यामागेही प्रभारच आहे. सोडियम आणि मॅग्नेशियम या दोन्ही आयनांत दहा-दहाच इलेक्ट्रॉन उरतात, पण मॅग्नेशियमच्या केंद्रकात बारा प्रोटॉन आहेत, सोडियमच्या अकरा. एक प्रोटॉन जास्त असल्याने तेच दहा इलेक्ट्रॉन अधिक आत ओढले जातात आणि आयन लहान होतो. शिवाय क्लोराइडपेक्षा ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉनांचे एक कवच कमी असते. २८२ ला २११ ने भागले की १.३४ येतात. त्याला चाराने गुणले तर साधारण सव्वापाच पट ओढ निघते.

प्रत्यक्षात काय दिसते? स्फटिक पूर्ण मोडून त्याचे आयन एकमेकांपासून अनंत अंतरावर नेण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेला जालक ऊर्जा म्हणतात. मिठासाठी ती मोलला सुमारे ७८७ किलोज्यूल आहे, मॅग्नेशियासाठी सुमारे ३८००. म्हणजे पावणेपाच पटींच्या वर. दोन अंकी गुणाकार-भागाकारावर काढलेला अंदाज इतका जवळ येतो, यात मला खरा आनंद आहे.

मात्र इथे एक शंका उभी राहते, आणि ती चुकवू नये. प्रभारही बदलला आणि अंतरही बदलले, मग कोणाचा वाटा किती? त्यासाठी तिसरा साक्षीदार बोलवावा लागतो, बेरियम ऑक्साइड. याची मांडणी मिठासारखीच, प्रभार दोन-दोन, पण बेरियमचा आयन मोठा असल्याने अंतर २७७ पिकोमीटर. मिठाच्या २८२ शी जवळजवळ बरोबरी. म्हणजे मीठ आणि बेरियम ऑक्साइड यांच्यात फरक उरतो तो फक्त प्रभाराचा. बेरियम ऑक्साइड वितळते १९०० अंशांच्या वर! एकट्या प्रभाराने द्रवणांक अकराशे अंशांनी वर नेला. मग बेरियम ऑक्साइडकडून मॅग्नेशियाकडे या. प्रभार तोच, अंतर २७७ वरून २११, आणि द्रवणांक आणखी नऊशेच्या आसपास अंशांनी वर. आयनाच्या आकाराचा वाटा हा.

पण आकार एकटा पुरत नाही, हे लिथियम फ्लुओराइड सांगते. त्यात अंतर २०१ पिकोमीटर आहे, मॅग्नेशियापेक्षाही कमी. प्रभार मात्र एकेक. ते साधारण ८४५ अंशांनाच वितळते, मिठाच्या किंचित वर. आणि सोडियम फ्लुओराइडमधले अंतर २३१ असूनही ते ९९० च्या पुढे वितळते, म्हणजे अंतर कमी असलेल्या लिथियम फ्लुओराइडपेक्षा जास्त तापमानाला.

हा उलटा क्रम पाहून नियम मोडला असे वाटेल. खरे म्हणजे वितळणे आणि स्फटिक पूर्ण मोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वितळलेल्या मिठातही आयनच असतात आणि ते एकमेकांना ओढतच असतात. मीठ वितळताना सुमारे पाव हिश्शाने फुगते, प्रत्येक आयनाचे शेजारी कमी होतात, पण उरलेले शेजारी किंचित जवळ सरकतात. द्रवणांक ठरतो तो स्थायू आणि द्रव यांच्या ऊर्जेतल्या फरकावर, आणि हा फरक एकूण ओढीच्या मानाने लहान असतो. मिठाचा एक मोल वितळवायला सुमारे २८ किलोज्यूल लागतात, तेही ७८७ पुढे. मॅग्नेशियाला सुमारे ७७, म्हणजे पावणेतीन पट. दोन्ही पदार्थांत वितळताना वाढणारा विस्कळीतपणा जवळपास सारखा असतो, त्यामुळे द्रवणांकही साधारण त्याच पटीत वाढायला हवा. निरपेक्ष मापात मीठ १०७४ केल्विनला वितळते, मॅग्नेशिया ३१२५ केल्विनच्या आसपास. गुणोत्तर २.९. म्हणून ओढ पाच पट असूनही द्रवणांक पाच पट होत नाही. सेल्सिअसचे आकडे भागून कोणी साडेतीन पट म्हणत असेल तर त्याला अर्थ नाही, कारण सेल्सिअसचा शून्य पाण्याच्या गोठण्यावर बेतलेला आहे.

सभागृहात शिक्षक बसले असतील, तर त्यांना माझी एक विनंती आहे. मीठ आणि मॅग्नेशिया ही जोडी फळ्यावर लिहाल तेव्हा तिच्याखाली बेरियम ऑक्साइड आणि लिथियम फ्लुओराइडही लिहा, चौघांची अंतरे आणि द्रवणांक द्या, आणि कारण मुलांनाच शोधू द्या.