महिनाअखेरचा ताळेबंद



बँकेत आम्ही नेहमी पाहतो की ठेवीची रक्कम खातेदारांना पाठ असते, कर्जाचा मात्र फक्त हप्ता ठाऊक असतो. म्हणून दरमहा अखेरच्या तारखेला वहीत दोन रकाने मांडावेत.

येणे: बचत खाते ४०,०००, मुदत ठेव १,५०,०००, एकूण १,९०,०००.
देणे: वाहनकर्जाची बाकी मुद्दल ५५,०००, क्रेडिट कार्डाची पूर्ण थकबाकी ३२,०००; एकूण ८७,०००.

निव्वळ मालमत्ता १,०३,००० रुपये. कार्डापुढे बिलातील 'किमान देय' १,६०० एवढेच लिहिले, तर ती ३०,४०० रुपयांनी फुगलेली दिसेल. ठेवीतून कार्ड फेडले, तर निव्वळ आकडा जवळपास तोच राहील. पण कार्डाचे चढे व्याज थांबल्याचे पुढील महिन्यांच्या पानांवर दिसेल.