रोजनिशीचे एक पान



शाळेच्या हीरक महोत्सवात काही बोलावे, अशी आज्ञा झाली, तेव्हा मी आपल्या वडोदऱ्यातील चौथीच्या वर्गाबाहेर जायचे नाही असे ठरविले. त्याच वर्गात माझी बहुतेक नोकरी झाली. आज एकाच गोष्टीविषयी बोलणार आहे: नऊ-दहा वर्षांच्या मुलाने रोजनिशीचे एक पान कसे लिहावे, आणि आपण मोठ्यांनी त्यात कोठे हात द्यावा व कोठे आवरावा.

मुलांना प्रथमच रोजनिशी लिहावयास सांगितली की वहीत बहुधा असे काही येते: ‘आज उत्तरायण होते. मी सकाळी लवकर उठलो. दात घासले. आंघोळ केली. मग नाश्ता केला. मग पतंग उडवले. मग जेवलो. मग परत पतंग उडवले. खूप मजा आली. मग झोपलो.’

यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तरीही वरचे नाव झाकले, तर हे पान वर्गातील कोणाचे, ते ओळखता येणार नाही. रोजनिशी म्हणजे साऱ्या दिवसाचा हिशेब, अशी मुलाची समजूत झालेली असते. म्हणून ते उठण्यापासून झोपण्यापर्यंत धावत सुटते आणि कोठेच थांबत नाही. हा दोष ओळखण्याची खूण सोपी आहे. पानावरचे ‘मग’ मोजावेत. चार-पाच निघाले, तर मूल सांगत नाही, नुसते मोजते आहे, असे समजावे.

यावर उपाय लेखणीचा नाही, बोलण्याचा आहे. लिहिण्यापूर्वी पाच मिनिटे मुलाजवळ बसावे. ‘मजा आली का?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर ‘हो’ एवढेच येते. ‘आजच्या दिवसातली कोणती एक गोष्ट तुला पुन्हा आठवते आहे?’ असे विचारावे. वरचे पान लिहिणाऱ्या मुलाला मी हेच विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘बाई, मी तर नुसती फिरकी धरली होती.’ पान तेथेच सापडले. पुढचे प्रश्न त्या एका गोष्टीभोवतीच ठेवले: तुझ्याबरोबर कोण होते? हाताला काय जाणवले? कोण काय बोलले? आणि सर्वांत शेवटी, तुला काय वाटले? हा शेवटचा प्रश्न आधी विचारला, तर मूल पुन्हा ‘मजा’ याच शब्दाशी येऊन थांबते.

त्याने जे सांगितले, त्यावरून वर्गासाठी मी पुढील नमुना तयार केला.

मंगळवार, १४ जानेवारी
रात्रीचे साडेआठ

प्रिय वही,

आज दिवसभर दादाने पतंग उडवले आणि मी फिरकी धरली. दादा ‘ढील दे’ म्हणाला की मी फिरकी सैल सोडायचो. माझे हात दुखत होते, पण मी सांगितले नाही. सांगितले असते तर त्याने फिरकी शेजारच्या मुलाला दिली असती.

संध्याकाळी दादाने दोरा माझ्या हातात दिला. पतंग लाल होता. वरून कोणीतरी माझे बोट धरून ओढते आहे असे वाटले. मी मनात शंभरपर्यंत मोजायचे ठरवले. चाळीस झाले आणि दोरा एकदम हलका झाला. समोरच्या गच्चीवरून सगळे ओरडले, ‘काइपो छे!’ दिवसभर मीसुद्धा तसाच ओरडत होतो. आता मला ते आवडले नाही.

दादा रागावला नाही. तो म्हणाला, ‘माझा पहिला पतंग तर दहा मोजेपर्यंतच कटला होता.’ ते खरे आहे की नाही, मला माहीत नाही. उद्या वासी उत्तरायण. उद्या मी पन्नासपर्यंत मोजणार.

या पानात दात घासणे नाही, जेवण नाही. एक फिरकी आणि एक दोरा आहे. ‘मला वाईट वाटले’ असे वाक्यही नाही, तरी ते कळते. आणखी एक बारकावा पाहावा. निबंध लिहिणाऱ्याला सण कसा असतो, हे आधीच ठाऊक असते. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्या काय होणार, हे ठाऊक नसते. ‘उद्या मी पन्नासपर्यंत मोजणार’ या वाक्यामुळे हे पान निबंधाहून वेगळे झाले आहे. ‘काइपो छे’ हे शब्द गुजराती आहेत, म्हणून काही पालक ते खोडावयास सांगतात. कृपया तसे करू नये. गच्चीवरून जी हाक आली, तीच वहीत यावी.

लिहून झाल्यावर मुलाने स्वतःच पान तपासावे. त्यासाठी आम्ही वहीच्या पहिल्या पानावर ही यादी चिकटवत असू:

१. वर वार आणि तारीख लिहिली का?
२. एकाच गोष्टीविषयी लिहिले का?
३. ‘मी’ म्हणून, आज घडून गेलेले लिहिले का?
४. पाहिलेले, ऐकलेले किंवा हाताला जाणवलेले काही आले का?
५. कोणाचे एक तरी वाक्य जसेच्या तसे आले का?
६. ‘मजा आली’ याऐवजी नेमके काय वाटले, ते कळते का?
७. ‘मग’ दोनांहून अधिक झाले का? झाले असल्यास एक तरी काढता येईल का?

एका बैठकीत सारी यादी पुरी होण्याची अपेक्षा धरू नये. पहिल्या आठवड्यात पहिले तीन प्रश्न पुरेत. आठ ते बारा वाक्ये, पंधरा मिनिटे आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस, एवढे या वयाला झेपते. रोज रात्री पेंगत लिहावयास लावले, की ‘मग’ पुन्हा परततात.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते. फार वर्षांपूर्वी एका मुलीने आजी गेल्याचे पान लिहिले होते. आजीची काठी अजून दाराआड उभी आहे आणि ती कोणी उचलत नाही, असे त्यात होते. मी त्या पानावर तांबड्या शाईने ऱ्हस्वदीर्घाच्या नऊ चुका दाखविल्या आणि खाली ‘अक्षर सुधारावे’ असा शेरा दिला. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत तिच्या वहीत ‘आज विशेष काही घडले नाही’ एवढेच येत राहिले. चुका खऱ्या होत्या. पण त्या दाखविण्याची ती जागा नव्हती.

तेव्हापासून मी रोजनिशीच्या पानावर तांबडी शाई वापरली नाही. वारंवार चुकणारे दोन-तीन शब्द निराळ्या कागदावर टिपून घेई आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्गाला त्यांचे श्रुतलेखन देई. जे पान मुलाने दुमडून ठेवले असेल, ते वाचावयाचे नाही, असाही नियम केला. घरीही तो पाळावा, ही विनंती. पाहुण्यांसमोर मुलाचे पान वाचून दाखविणे, हेही त्याला तांबड्या शाईइतकेच झोंबते.

त्या मुलीचे ते पान मला अद्याप आठवते. चुका मात्र एकही आठवत नाही. ती या सभागृहात असेल, तर तिने एवढे ऐकावे: ते पान चांगले होते.