कोल म्हणजे हात की तळं?



अध्यक्षाने विषय विस्तारावा असा रिवाज आहे. मी मात्र तो आज बारा अक्षरांपुरता आवरून धरणार आहे. रशियन वर्णमालेत ३३ अक्षरं आहेत. कझाक भाषा त्यात स्वतःची ९ घालते: Ә, Ғ, Қ, Ң, Ө, Ұ, Ү, Һ, І. किर्गिझ तीनच घालते: Ң, Ө, Ү. बेरीज बारा होते खरी, पण किर्गिझची तिन्ही अक्षरं कझाकमध्येही आहेत, म्हणजे वेगळी अशी नऊच. हे मुद्दाम सांगतो, कारण एका भाषेची अक्षरं दुसरीला लावण्याचा घोटाळा इथूनच सुरू होतो.

आपल्या भाषांतरकारांपैकी अनेकांकडे कझाक आणि किर्गिझ मजकूर कादंबरी म्हणून येत नाहीत, कागदपत्र म्हणून येतात. महाराष्ट्रातली मुलं वैद्यकीय शिक्षणासाठी बिश्केक, ओश, अल्माटीला जातात. मग गुणपत्रकं, दाखले, भाडेकरार आपल्या टेबलावर येतात. त्यांतला बराच मजकूर रशियन कळफलकावर टंकलेला असतो. टंकणारा ө ऐवजी о दाबतो, ү ऐवजी у, ң ऐवजी н. तिथल्या वाचकाला तरीही अर्थ लागतो, म्हणून कुणाची तक्रार नसते. अडचण आपली होते, कारण जे उरतं तेही अस्सल अक्षरच असतं आणि पुष्कळदा अस्सल शब्दही. मराठीत कुणी प्रत्येक ‘ळ’च्या जागी ‘ल’ टंकला तर ‘वेळ’ची ‘वेल’ होईल आणि शुद्धलेखन तपासनीस तो शब्द अधोरेखित करणार नाही, तसंच हे.

एकच शब्द घेऊन पाहू. समोरच्या कागदावर кол असं लिहिलंय. कझाकमध्ये हात म्हणजे қол आणि तळं म्हणजे көл. शेपटी आणि आडवी रेघ गळाली की दोन्हींचं кол होतं. आता त्याला ‘-ला, -कडे’ या अर्थाचा प्रत्यय लावा. कझाकमध्ये प्रत्ययाचा स्वर मूळ शब्दाच्या स्वराशी जुळवून घेतो. तोंडात मागे उच्चारल्या जाणाऱ्या स्वरांचा (а, о, ұ, ы) एक गट, पुढच्यांचा (ә, ө, ү, і, е) दुसरा. म्हणून हाताला қолға आणि तळ्याला көлге. अक्षरं गळालेल्या मजकुरात यांचं колга आणि колге होईल. शेवटचा е शाबूत राहिला, आणि त्यानेच सांगितलं की मूळ शब्द көл होता. गळालेलं अक्षर प्रत्ययावरून परत मिळालं. शब्दकोशाची गरजही पडली नाही.

आता हेच किर्गिझमध्ये करा. इथे हात म्हणजे кол. हे असंच बरोबर आहे, कारण किर्गिझ लिपीत Қ हे अक्षरच नाही. तळं көл. पण किर्गिझमध्ये ओठांचा गोलावाही प्रत्ययात उतरतो, म्हणून हाताला колго आणि तळ्याला көлгө. ө ची रेघ पुसा: दोन्हींचं колго. साक्ष देणारा प्रत्यय मूळ शब्दाबरोबरच बुडाला. ‘колго бардык’ असं वाक्य आलं तर आपण तळ्यावर गेलो हे केवळ संदर्भ सांगतो, व्याकरण नाही. कझाक उतारा दुरुस्त करताना वापरलेली युक्ती सख्ख्या शेजारणीच्या बाबतीत साफ निकामी ठरते.

म्हणून पहिला प्रश्न अर्थाचा नसतो, भाषेचा असतो. पानावर қ, ғ, ұ, і, ә दिसले तर किर्गिझ नाही. тоо, суу अशी जोडस्वरांची रांग दिसली तर किर्गिझ. कझाक तिथे тау, су लिहितो. मुलगी किर्गिझमध्ये кыз, कझाकमध्ये қыз. कझाक येणारा माणूस किर्गिझ पानावर उत्साहाने к ला शेपट्या लावत सुटला, तर तो चुका काढत नसतो, घालत असतो.

भाषा ठरली की पान नुसतं न्याहाळा. किर्गिझचं अख्खं भरलेलं पान आणि त्यात एकही ө किंवा ү नाही, हे जवळपास अशक्य. Үчүн (साठी) आणि өз (स्वतःचा) हे शब्दच किती वेळा येतात! तसं पान दिसलं तर मजकूर गळका आहे असं धरून चालावं. कझाकमध्ये к च्या शेजारी а, о किंवा ы दिसले की थांबावं, कारण तिथे बहुधा қ हवा. मात्र колхоз, комитет हे रशियनमधून आलेले शब्द к नेच लिहितात. त्यांना हात लावू नये.

कधी अक्षर गुपचूप बदलत नाही, त्याजागी प्रश्नचिन्ह येतं. जुन्या Windows-1251 तक्त्यात ही जादा अक्षरं नव्हती, फक्त і होतं, कारण ते युक्रेनियनलाही लागतं. म्हणून कझाक मजकुरात і जागेवर आणि बाकी सगळीकडे ? असं दिसलं की फाइल कुठून गेली ते कळतं. मला ही प्रश्नचिन्हं आवडतात. निदान नुकसान दिसतं तरी.

सगळ्यात चोरटा प्रकार तिसरा. ө ऐवजी कुणी लॅटिन ɵ चिकटवतो, ә ऐवजी ə, һ ऐवजी इंग्रजी h. डोळ्यांना फरक नाही, पण संगणकाच्या लेखी किर्गिझ ө म्हणजे U+04E9 आणि लॅटिन ɵ म्हणजे U+0275. पारिभाषिक कोशात शोध घेतला की शब्द ‘सापडत नाही’, आणि एकाच संज्ञेची दोन भाषांतरं होतात. कागदावर ओळखायची खूण म्हणजे ते एकच अक्षर शेजाऱ्यांपेक्षा किंचित जाड किंवा बारीक दिसतं. अर्थात, फॉन्टमध्ये ते अक्षर नसल्यानेही तसं होतं, म्हणून संकेतांक तपासून घ्यावा.

दुरुस्ती करताना मूळ फाइल तशीच ठेवावी आणि पूर्ववत केलेली प्रत वेगळी करावी. जिथे колго सारखी गाठ सुटत नाही तिथे ग्राहकाला विचारावं. दाखल्यावर तर अंदाज चालतच नाही.

राहिली देवनागरी. Ө म्हणजे ओठ ‘ओ’चे आणि जीभ ‘ए’ची, Ү म्हणजे ओठ ‘उ’चे आणि जीभ ‘इ’ची. आपल्याकडे यांना अक्षरं नाहीत, म्हणून ‘ओ’ आणि ‘उ’ लिहावं. Ң मात्र आपल्याकडे आहे, तो ‘वाङ्मय’मधला ङ. पण मराठीत तो शब्दाच्या शेवटी येत नाही, म्हणून पहाट या अर्थाचा таң ‘ताङ’ लिहिला तर वाचक अडखळतो आणि ‘तांग’ लिहिला तर नसलेला ग उच्चारतो. ललित लेखनात मी ‘तांग’ पत्करीन, भाषाविषयक लेखात ‘ताङ’. Қ आणि Ғ साठी नुक्ता नको. आपण गझलही नुक्त्याशिवाय लिहितो. स्थळनाव रशियन वळणाने घेऊ नये: Ысык-Көл चं रशियनने Иссык-Куль केलं, म्हणून आपण इस्सिक-कुल लिहीत आलो, इसिक-कोल लिहावं. व्यक्तिनाव दाखल्यावर असेल तर हा सगळा विचार बाजूला ठेवून पारपत्रावरचं रोमन स्पेलिंग अक्षरशः तसंच कंसात द्यावं, ते कितीही रशियन वळणाचं दिसलं तरी.

कझाकस्तानने २०१७ मध्ये लॅटिन लिपीकडे जायचं ठरवलं. त्यानंतर वर्णमालेचे मसुदे बदलत राहिले. २०२१च्या मसुद्यात қ साठी q आणि ө साठी ö आहे. तेव्हा आज कुणी गळका кол तसाच यंत्रातून लॅटिनमध्ये नेला तर त्याचा kol होईल. तो ना qol, ना köl. म्हणून लिपी बदलायच्या आधी सिरिलिक प्रत दुरुस्त झाली पाहिजे. दुपारच्या सत्रात लिप्यंतराचा जो तक्ता चर्चेला येणार आहे, त्यात ही पायरी पहिल्या ओळीत घालावी, अशी माझी सूचना आहे.