बंद पाकिटातली चिठ्ठी

मागच्या बैठकीला आपल्या मावळातल्या एक ताई बंद पाकीट घेऊन आल्या. शाळेच्या समुपदेशक बाईंनी ते बालमानसोपचार डॉक्टरांसाठी दिलं होतं. आता पोरीला शाळेतून काढणार, या भीतीनं ताईंनी ते आठ दिवस पिठाच्या डब्यामागं लपवलं होतं. त्यांनीच सांगितलं, म्हणून आम्ही ते वाचलं.

त्यात 'हट्टी', 'मंद' असा शब्दच नव्हता. डोळ्यांना दिसलं तेवढंच होतं. दुसरीतली मुलगी घरी भरपूर बोलते, वर्गात मात्र चार महिन्यांत एक शब्दही नाही. मैत्रिणीच्या कानात कुजबुजते. कान तपासले, ऐकू नीट येतं. लघवीला जायचं सांगता येत नाही, म्हणून दोनदा कपडे ओले झाले.

पुढं केलेले उपाय होते. सहा आठवडे तिला मोठ्यानं वाचायला लावलं नाही, मैत्रिणीशेजारी बसवलं, लघवीला जायचं असेल तर दाखवायला कार्ड दिलं. कार्ड ती वापरते, पण बोलत नाही.

नुसतं 'बोलत नाही' लिहिलं असतं, तर डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून विचारावं लागलं असतं. आता त्यांना कळेल, की बोलणं येतं, पण शाळेत अडतं. ते कशानं, हे डॉक्टरच ठरवतील.

ताई आता लोकलनं पुण्याला, ससूनच्या मानसोपचार विभागात जाणार आहेत. चिठ्ठीची झेरॉक्स घरी ठेवली आहे. लेक घरी बोलतानाचा छोटा व्हिडिओही मोबाइलमध्ये घेतला आहे. आणि 'बोल, बोल' म्हणून तिच्या मागं लागणं घरात सगळ्यांनीच थांबवलं आहे.