जर्मन वाक्य मराठीतून शिका
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



जर्मनची तीन लिंगं, चार विभक्ती यांत मी शिरत नाही. सभागृहात जर्मन शिकलेले बरेच दिसतात, त्यांना ते पाठ आहे. मी एक पत्र घेऊन आलो आहे. माझ्याकडे एक परिचारिका जर्मन शिकतात, वय चाळिशीपुढचं. त्यांना जर्मनीतल्या रुग्णालयात काम करायचं आहे. त्यांच्या वहीत त्याच दोन चुका फिरून फिरून येतात. त्यांना लिहिलेलं पत्र त्यांच्याच परवानगीने वाचतो.

"प्रिय ताई, तुमचं वाक्य होतं: 'गेस्टर्न इश हाबे डेन आर्त्स्ट आनगेरूफन, वाइल डेर पात्सिएन्ट हाट फीबर गेहाब्ट.' काल मी डॉक्टरांना फोन केला, कारण रुग्णाला ताप होता. शब्द बरोबर, रूपंही बरोबर. जागा मात्र दोन ठिकाणी चुकली.

आधी दुसरा भाग घेऊ. 'वाइल' आलं की काळ आणि पुरुष दाखवणारं क्रियापद शेवटी जातं. 'हाट गेहाब्ट'ऐवजी सुटसुटीत 'हाट्टे' घेऊ: 'वाइल डेर पात्सिएन्ट फीबर हाट्टे.' आता खाली मराठी लिहा: कारण, रुग्णाला, ताप, होता. एकही शब्द हलवावा लागला नाही. 'मला उद्या पुण्याला जायचं आहे म्हणून' हे 'कारण'ने सुरू करून पाहा: 'वाइल इश मॉर्गन नाख पुणे फारेन विल.' कारण, मला, उद्या, पुण्याला, जायचं, आहे. शेवटची दोन क्रियापदंसुद्धा आपल्याच क्रमाने. मग तुमच्या वाक्यात 'हाट' मध्येच का घुसलं? तुम्ही मराठीतून निघालात, पण वाटेत 'बिकॉज'पाशी थांबलात."

इथे पत्र जरा बाजूला ठेवतो, कारण माझं खरं म्हणणं हे आहे. मार्क ट्वेनने १८८० साली 'अ ट्रॅम्प अब्रॉड' या प्रवासवर्णनाच्या परिशिष्टात जर्मनवर एक विनोदी निबंध लिहिला. वाक्य संपेपर्यंत क्रियापदाची वाट पाहावी लागते, ही त्याची मोठी तक्रार. तो इंग्रजीत वाढलेला, त्याची तक्रार रास्त. पण वाक्य संपेपर्यंत क्रियापदाची वाट पाहणं हा तर आपला रोजचा व्यवहार आहे! आपण बोलताना 'मी उद्या सकाळी बँकेत जाऊन ते पैसे' इथवर येतो आणि ऐकणारा निमूट थांबतो. भरणार की काढणार ते पुढे कळतं. (हशा.) ट्वेनची अडचण आपण अंगाला लावून घेतली, कारण आपली बहुतेक पाठ्यपुस्तकं इंग्रजीतून समजावतात. पहिल्या रांगेतल्या बाई मान हलवताहेत. बाई, तुम्ही शिकवता हे मला ठाऊक आहे. मराठी सगळं देते असं मी म्हणत नाही. 'नाख' नावाआधी येतं आणि आपला 'ला' मागून येतो, तिथे मराठी उपयोगाची नाही. आणि ताईंची दुसरी चूक तर मराठीनेच करवली आहे. तेच वाचतो.

"ताई, आता पहिला भाग. 'काल मी' म्हणायची आपल्याला सवय, म्हणून तुम्ही 'गेस्टर्न इश' लिहिलंत. साध्या विधानात जर्मन दुसरी जागा क्रियापदासाठी राखून ठेवते. 'गेस्टर्न'ने पहिली जागा घेतली, आता 'हाबे' आणि मगच 'इश': 'गेस्टर्न हाबे इश डेन आर्त्स्ट आनगेरूफन.' जागा मोजताना शब्द मोजू नका. 'इन डेर लेट्स्टेन नाख्ट' चार शब्द, जागा एक. सबंध 'वेन डेर पात्सिएन्ट श्लेफ्ट', म्हणजे रुग्ण झोपला की, हीसुद्धा एकच जागा. त्यानंतर लगेच 'गेहे इश'. 'उन्ट', 'आबर', 'डेन' मात्र मोजायचेच नाहीत.

माझी पद्धत अशी. आधी क्रिया मराठीसारखी शेवटी ठेवून लिहा: 'डेन आर्त्स्ट आनरूफन', डॉक्टरांना फोन करणे. 'वाइल', 'डास', 'वेन' असेल तर रूप बदला आणि क्रियापद तिथेच राहू द्या. साधं विधान असेल तर चालवलेला भाग तेवढा उचलून दुसऱ्या जागी न्या: 'इश रूफे डेन आर्त्स्ट आन.' शेवटी उरलेलं 'आन' पाहा. क्रियापद मुळात कुठे होतं ते तिथे दिसतं."

घंटा झाली. रोजच्या बोलण्यात जर्मन माणूस 'वाइल'नंतर क्रियापद कधीकधी दुसऱ्या जागी टाकतो, त्यावर बोलायचं होतं, ते राहिलं. परीक्षेत मात्र ते चूकच धरतात. चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांची उत्तरं खाली देईन. शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती: 'वाइल'च्या धड्याला फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहू नका, मराठी लिहा.