ओढणीला वारा कुठून?

भाचीचं कथकचं चित्र मी संगणकाला वर्णन लिहून काढून घेत होतो. 'ओढणी वाऱ्यावर उडते आहे' एवढंच लिहिलं, तर ओढणी उजवीकडे आणि केस डावीकडे! मग लिहिलं, 'मंद वारा चित्राच्या डाव्या बाजूने; शिफॉनची हलकी ओढणी, एक टोक खांद्याला टाचलेलं, दुसरं उजवीकडे तरंगतंय, केसही तिकडेच.' जमलं. 'नर्तकीच्या डावीकडून' म्हटलं तर घोटाळा होतो. समोरून पाहताना तिची डावी ती आपली उजवी.

घागरा मात्र एकाच बाजूला उडाला, छत्री उलटावी तसा. चक्कर घेताना घागरा वाऱ्याने नव्हे, गिरकीने फुलतो. म्हणून लिहिलं, 'जड रेशमी घागरा, गिरकीने चहूकडे सारखा फुललेला, जरीच्या काठाच्या वजनाने कडा किंचित खाली.'