पाठपोट छपाई, आपल्या हातांनी



नवरात्र जवळ आलं की आमच्या सहकारनगरच्या भोंडल्याची तयारी सुरू होते. खिरापतीची यादी ठरते, पण गाण्यांचं घोडं दरवर्षी अडतं. पहिली दोन कडवी सगळ्यांना येतात, पुढे नुसतं गुणगुणणं. म्हणून एका वर्षी आम्ही आमच्यातल्या एका आजींकडून त्यांना पाठ असलेली गाणी बसून लिहून घेतली. आजींना चष्म्याशिवायही वाचता यावीत म्हणून अक्षर मोठं ठेवलं. पानं भरली 23, आणि प्रती हव्या होत्या 30.

एका बाजूला छापलं तर 690 कागद लागणार होते. पाठपोट छापलं तर एका प्रतीला 12, म्हणजे 360 कागदांत काम भागतं. एकीच्या घरी साधा लेझर प्रिंटर होता, पण आपोआप कागद उलटण्याची सोय त्याला नव्हती. अशा प्रिंटरवर कागद आपणच उलटून पुन्हा ट्रेमध्ये घालायचा असतो. काम सोपं आहे, पण आम्ही त्यात दोनदा फसलो. ते कसं, आणि शेवटी काय जमलं, तेच आज सांगणार आहोत.

पहिली फसगत दिशेची. पहिलं पान छापलं, कागद वर आला, तो तसाच सरळ खाली ट्रेमध्ये सरकवला आणि दुसरं पान छापलं. पाहतो तर दुसरं पान डोक्यावर उभं! मग शांतपणे एक चाचणी केली. एक कोरा कागद घेतला, वरच्या बाजूला पेन्सिलीने बाण काढला. बाणाचं टोक प्रिंटरच्या आत जाणाऱ्या कडेकडे ठेवलं आणि एक पान छापलं. यातून तीन गोष्टी कळल्या. ट्रेमध्ये कागदाची जी बाजू वर असते, तिच्यावरच छपाई होते. पानाचा माथा आधी आत जातो. आणि कागद बाहेर येताना गिरकी घेऊन येतो, त्यामुळे छापील बाजू खाली जाते आणि माथा आपल्याकडे होतो.

म्हणजे आमच्या प्रिंटरवर गठ्ठा पालथा करायची गरजच नव्हती, कोरी बाजू आधीच वर होती. फक्त तो टेबलावर ठेवून ताटासारखा अर्धा फिरवायचा, की माथा पुन्हा प्रिंटरकडे होतो. तुमचा प्रिंटर वेगळा असू शकतो. मागून कागद घेणाऱ्या पुष्कळ इंक प्रिंटरमध्ये कागद छापील बाजू वर घेऊन पुढे येतो, तिथे गठ्ठा उलटावा लागतो. म्हणून दुसऱ्याचं ऐकू नका, आपल्या प्रिंटरवर बाणाची चाचणी करा. नियम मात्र सगळीकडे एकच: डावीकडे शिवायच्या पुस्तकाला दोन्ही वेळा माथा त्याच दिशेने आत गेला पाहिजे. उत्तर कळलं की ट्रेवर चिठ्ठी चिकटवून ठेवा. आम्ही तेच केलं.

दुसरी फसगत क्रमाची, आणि ती जास्त महाग पडली. आम्ही एका प्रतीची सगळी विषम पानं आधी छापली: 1, 3, 5 असं करत 23 पर्यंत. पहिला कागद सगळ्यांत खाली, शेवटचा सगळ्यांत वर. आमचा प्रिंटर वरचा कागद आधी ओढतो. म्हणून सम पानं उलट्या क्रमाने, शेवटच्यापासून छापायला सांगितली. हिशोब बरोबर वाटत होता. छपाई झाली, पण ट्रेमध्ये एक कागद उरला. तो होता पहिल्या पानाचा, आणि त्याची पाठ कोरी.

झालं असं, की 23 पानांत विषम पानं 12 आणि सम पानं 11. शेवटच्या कागदाला, म्हणजे 23 व्या पानाला, पाठच नाही. पण तो गठ्ठ्यात सगळ्यांत वर होता, म्हणून प्रिंटरने 22 वं पान त्याच्या पाठीवर छापलं. मग 20 वं पान 21 च्या मागे, 18 वं 19 च्या मागे, असं सगळंच एका घराने सरकलं. भोंडल्याची गाणी साखळीसारखी वाढत जातात, मधलं पान चुकलं की गाणं तुटलंच. पानांची संख्या विषम असेल, तर शेवटचा कागद पाठ छापण्याआधी बाजूला काढायचा, किंवा शेवटी एक कोरं पान जोडून संख्या सम करायची.

याच पद्धतीत आणखी एक धोका आहे. पाठ छापताना प्रिंटरने एकदम दोन कागद ओढले, तर तिथून पुढची सगळी पानं सरकतात, आणि प्रत वाचेपर्यंत ते लक्षात येत नाही. लेझरमधून आलेले कागद गरम असतात, थोडे वळतात आणि एकमेकांना चिकटतात. म्हणून घाई करायची नाही. दहा मिनिटं थंड होऊ द्यायचे, पत्ते पिसतो तसे कडेने मोकळे करायचे, टेबलावर आपटून कडा सारख्या करायच्या. इंक प्रिंटर असेल तर शाई वाळेपर्यंत थांबायचं. पावसाळ्यात रीम उघडी ठेवायची नाही, सर्द कागद हमखास अडकतो.

आम्ही मग पद्धतच बदलली. पूर्ण प्रत छापण्याऐवजी एकेक कागद घेतला. Pages या चौकटीत 1 आणि Copies मध्ये 32 लिहिलं. पहिल्या पानाचे 32 कागद निघाले, दोन वाया जातील म्हणून जास्त. ट्रेमधले उरलेले कोरे कागद काढून घेतले, हे विसरायचं नाही. गठ्ठा फिरवून ठेवला, Pages मध्ये 2 लिहिलं आणि पुन्हा 32. पहिला कागद बाहेर आला की तो तपासायचा, चुकलं असेल तर तिथेच Cancel. गठ्ठ्यातले सगळे कागद एकसारखेच असल्यामुळे क्रमाचा प्रश्नच मिटतो. दोन कागद एकदम गेले, तर एकाची पाठ कोरी राहते, इतकंच. बाकीची पानं जागची हलत नाहीत.

असे 12 गठ्ठे झाले. ते हॉलमध्ये सतरंजीवर ओळीने मांडले. आम्ही एकामागे एक चालत प्रत्येक गठ्ठ्यातला एक कागद उचलत गेलो. शेवटी बसलेली मैत्रीण पानांचे आकडे पाहून स्टेपलर मारायची. ही पद्धत थोड्या पानांच्या आणि जास्त प्रतींच्या कामाला चांगली. शंभर पानांची एकच प्रत हवी असेल, तर विषम-सम हीच वाट धरावी लागते. तेव्हा दहा-दहा कागदांचे छोटे टप्पे करा, म्हणजे चूक झाली तरी दहातच अडकते.

त्या संध्याकाळी आजींच्या हातात पहिली प्रत दिली. त्यांनी पान उलटलं, पुढचं कडवं जागच्या जागी होतं, आणि त्यांनी तिथूनच गायला सुरुवात केली.